मोठ्या हार्ट अटॅकनंतर हृदयातली गुठळी: पहिल्या इकोवर निश्चिंत होऊ नका, या चुका टाळा

नागपूरच्या इतवारीत हार्डवेअरचं दुकान चालवणारे 56 वर्षांचे एक गृहस्थ अटॅकनंतर अकराव्या दिवशी माझ्याकडे तपासणीला आले. लग्नाच्या जेवणानंतर रात्री नऊला छातीत दुखायला लागलं. "साहेब, गॅस झाला समजून रात्रभर ओवा अन् सोडा देत राहिलो," त्यांच्या पत्नी सांगत होत्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत चौदा तास उलटून गेले होते. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी एलएडी ही रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. तिथे स्टेंट बसला, जीव वाचला, पण भिंतीचा मोठा भाग मेला होता. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्यात डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते, 30 टक्क्यांवर आलं होतं.

मी पुन्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा म्हटल्यावर मुलाने फाईल पुढे केली. "डॉक्टर साहेब, सुट्टीच्या कागदावर लिहिलं आहे न, क्लॉट नाही म्हणून. मग परत काऊन?"

त्याचा प्रश्न रास्त होता. फाईलमधला इको अटॅकच्या दुसऱ्या दिवशीचा होता, आणि पहिली चूक नेमकी इथेच होते.

दुसऱ्या दिवशीचा इको शेवटचा मानणे

गुठळी अटॅकबरोबर येत नाही, ती नंतर तयार होते. पुढची भिंत आणि डाव्या कप्प्याचं टोक, ज्याला आम्ही एपेक्स म्हणतो, हलायचं थांबलं की तिथलं रक्त साचून राहतं. आतलं अस्तर मेलेल्या स्नायूवर खडबडीत झालेलं असतं आणि अटॅकनंतरच्या दिवसांत रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. या तिन्ही गोष्टी जुळून यायला काही दिवस लागतात. बहुतेक गुठळ्या पहिल्या दोन आठवड्यांत दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी "क्लॉट नाही" हे वाक्य खरंच असतं, पण ते फक्त त्या दिवसापुरतं.

म्हणून पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक, उशिरा उघडलेली नस, 40 च्या खालचं इजेक्शन फ्रॅक्शन आणि न हलणारं टोक असं चित्र असेल, तर सुट्टीच्या आधी एक इको आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात आणखी एक, असा माझा आग्रह असतो. सगळ्यांनाच गुठळी होते असं नाही. पण ज्यांना होते त्यांच्यात तिचा तुकडा मेंदूत गेला तर लकवा, आतड्याच्या किंवा पायाच्या नसेत गेला तर तिथला रक्तपुरवठा बंद. हा धोका पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वांत जास्त असतो.

एपेक्स न दिसताच "क्लॉट नाही" लिहिणे

ही चूक आमची, तपासणाऱ्यांची आहे, आणि मी स्वतः ती केलेली आहे. बरगड्यांमधून इकोचा प्रोब थोडा वर ठेवला गेला की कप्पा तिरपा कापला जातो आणि आखूड दिसतो. खरं टोक चित्राबाहेर राहतं आणि त्याच्या जागी बाजूची भिंतच टोकासारखी भासते. ती जाड दिसते, छान आत येताना दिसते. वास्तविक खरं टोक पातळ असतं आणि निरोगी हृदयातही फारसं हलत नाही. एवढा मोठा अटॅक येऊनही टोक जाड आणि उत्तम हलतंय असं दिसलं, तर रुग्णाच्या नशिबावर आनंद मानण्याआधी प्रोबच्या जागेवर शंका घ्यावी.

या गृहस्थांचंही तसंच झालं. पहिल्या चित्रात काही नव्हतं. प्रोब एक बरगडी खाली आणि थोडा बाहेरच्या बाजूला सरकवला, चित्राची खोली कमी करून टोकावर फोकस आणला, तेव्हा कप्पा लांब झाला आणि न हलणाऱ्या भिंतीला चिकटलेली 17 बाय 11 मिलिमीटरची गुठळी समोर आली. तिचं एक टोक किंचित हलत होतं. गुठळी म्हणायची तर ती किमान दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसली पाहिजे, हृदय आकसताना आणि फुलताना दोन्ही वेळेस दिसली पाहिजे, आणि तिच्या मागची भिंत हलत नसली पाहिजे. भिंत नीट हलत असेल तर ते बहुधा स्नायूची दोरी किंवा यंत्राचा आभास असतो.

चित्र धूसर असेल तर काय? साध्या इकोत चपट्या, भिंतीला लागून बसलेल्या गुठळ्या बऱ्याचदा निसटतात. शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देऊन केलेला कॉन्ट्रास्ट इको जास्त पकडतो आणि सर्वांत खात्रीचा कार्डियाक एमआरआय. त्यात गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेलेला स्नायू उजळ दिसतो आणि गुठळी काळी राहते. "स्टेंट आहे, एमआरआय चालणार नाही" हा गैरसमज अजूनही ऐकू येतो. आजकालचे हृदयातले स्टेंट एमआरआयला चालतात. अडचण येते ती किडनी फार कमजोर असेल तर, कॉन्ट्रास्टमुळे.

फुगवटा पाहून घाबरणे, किंवा न घाबरणे

त्याच दिवशीच्या ईसीजीत पुढच्या लीडमध्ये एसटी, म्हणजे रेषेचा एक ठरावीक भाग, उचललेली होती. दुखणं मात्र काहीच नव्हतं. मेलेली भिंत पातळ होऊन प्रत्येक ठोक्याला बाहेर फुगते, त्याला ॲन्युरिझम म्हणतात. अशा भिंतीमुळे एसटी आठवडे-महिने उचललेली राहू शकते. फक्त कागदावरची उचललेली एसटी पाहून त्याला नवा अटॅक समजून रात्री पुन्हा अँजिओग्राफीला नेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. खोल क्यू लाट, लहान किंवा उलटी टी लाट आणि जुन्या ईसीजीशी तंतोतंत जुळणं हे फुगवट्याच्या बाजूने जातं. छातीत ताजं दुखणं, उंच टी आणि तासागणिक बदलणारा कागद नव्या अटॅकच्या बाजूने. म्हणून सुट्टीच्या दिवशीच्या ईसीजीची झेरॉक्स पाकिटात ठेवा. दुखत असेल तर मात्र घरी बसून तुलना करायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

खऱ्या ॲन्युरिझमचं तोंड रुंद असतं आणि भिंत डागाचीच असली तरी हृदयाचीच असते, ती सहसा फुटत नाही. तोंड अरुंद आणि मागे पिशवी मोठी दिसली, तर ती भिंत आधीच फाटलेली असून फक्त बाहेरच्या आवरणाने रक्त अडवलेलं असू शकतं. त्याला खोटा ॲन्युरिझम म्हणतात आणि तो सर्जनकडे तातडीने जायला हवा. रक्त पातळ करायला सुरुवात करण्याआधी हा फरक पाहिलाच पाहिजे.

रक्त पातळ करताना होणाऱ्या चुका

हे गृहस्थ ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉरवर होते. "रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालूच आहेत, तिसरी कशाला?" मुलाने विचारलं. त्या दोन गोळ्या प्लेटलेटवर काम करतात आणि स्टेंट उघडा ठेवतात. साचलेल्या रक्तात जी गुठळी बनते तिला त्या पुरेशा पडत नाहीत. तिथे रक्त गोठण्याची प्रक्रियाच रोखणारा अँटिकोॲग्युलंटच लागतो.

पण तो टिकाग्रेलॉरवर चढवायचा नाही, रक्तस्रावाचा धोका फार वाढतो. म्हणून आम्ही टिकाग्रेलॉर थांबवून क्लोपिडोग्रेलवर आलो. हा बदल स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करावा, कारण मधल्या तासांत स्टेंट गोळीच्या संरक्षणाशिवाय राहता कामा नये. ॲस्पिरिन स्टेंटला चार आठवडे होईपर्यंत ठेवली आणि मग बंद केली. पोटाच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्राझोल दिलं. ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं, ते टाळलं.

अँटिकोॲग्युलंट म्हणून असेनोकूमारॉल निवडलं. ही गोळी पहिल्या दिवसापासून काम करत नाही, म्हणून सोबत एनॉक्सापेरिनची इंजेक्शनं लागतात. त्यांचं वजन 60 किलो आणि किडनी ठीक, म्हणून 60 मिलिग्राम दिवसातून दोनदा, पोटाच्या त्वचेखाली. तिसऱ्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 1.5 आला आणि मुलाने विचारलं, आता इंजेक्शन बंद करू का? नाही. सहाव्या दिवशी 2.2, सातव्या दिवशी 2.4, तेव्हा कुठे थांबवली. आयएनआर 2 ते 3 मध्ये हवा, सोबत प्लेटलेटची गोळी असल्यामुळे आम्ही 2 ते 2.5 च्या आसपास धरला.

मुलाने दुकानाच्या वहीसारखी एक वही केली: तारीख, आयएनआर, डोस. त्याच वहीने पाचव्या आठवड्यात वाचवलं. लग्नसराईत पोट बिघडलं, मेडिकलवाल्याने मेट्रोनिडाझोल असलेली गोळी दिली. चौथ्या दिवशी हिरड्यांतून किंचित रक्त आलं, आयएनआर 5.4. तेव्हा एक डोस वगळला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासला आणि उतरल्यावर कमी डोसने चालू केला. अशा वेळी घाबरून गोळी कायमची सोडणारे लोक असतात. रक्त थांबतं, पण गुठळी तशीच राहते. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनॅझोल, कोट्रायमॉक्साझोल यांनी आयएनआर चढतो. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या पोटातून रक्तस्राव घडवू शकतात. मेडिकलमध्ये उभं राहिल्यावर आधी वही दाखवायची.

खाण्याबद्दल: पालक-मेथी बंद करायची नाही. दर आठवड्याला साधारण तितकीच खायची, कारण घोळ होतो तो अचानक कमी-जास्त केल्याने. संत्र्यांचा प्रश्न आपल्या नागपुरात हमखास येतो. त्यांत व्हिटॅमिन के नगण्य आहे, खुशाल खा.

आयएनआर तपासणं ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी अपिक्सॅबान, रिव्हरोक्सॅबान आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये हा पर्याय योग्य मानला आहे. मात्र रिव्हरोक्सॅबानची 2.5 मिलिग्रामची छोटी गोळी यासाठी पुरत नाही.

कधी थांबवायचं

दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं की गोळी सुटते, किंवा कुणी थांबवायला सांगितलंच नाही म्हणून वर्षभर चालू राहते. दोन्ही चुकीचं. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच पद्धतीने चित्र काढायचं आणि मग ठरवायचं.

या गृहस्थांचा तीन महिन्यांचा इको स्वच्छ होता, इजेक्शन फ्रॅक्शन 38. तरी टोक अजून फुगत होतं, म्हणून एमआरआय केला. त्यातही गुठळी नव्हती, फक्त डाग. तेव्हा असेनोकूमारॉल बंद केलं. गुठळी शिल्लक असती किंवा हलती असती, तर गोळी आणखी तीन महिने चालवून पुन्हा पाहिलं असतं.

बंद करताना एक गोष्ट सुटता सुटता राहिली. स्टेंटला जेमतेम तीन महिने झालेले आणि आता उरलं होतं एकटं क्लोपिडोग्रेल. अँटिकोॲग्युलंट गेल्यावर ॲस्पिरिन परत सुरू करून दोन्ही गोळ्या वर्ष पूर्ण होईपर्यंत न्यायच्या होत्या. वहीत मुलाने त्या दिवसासमोर लिहिलं: ॲस्पिरिन 75, परत सुरू. पुढचा इको तीन महिन्यांनी ठेवला आहे, कारण टोक फुगतंच आहे.