कबड्डीपटू नायिकेला नाव देताना

खेड्यातून भारतीय संघाच्या दारापर्यंत पोचणाऱ्या मुलीची कादंबरी लिहायला घेतली, की पहिल्यांदा सुचतात ती अपराजिता, विजया, शक्ती अशी नावं. ती वहीतच ठेवा. नाव आईबापानं पाळण्यात ठेवलेलं असतं. मुलगी पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नसतं.

मी आधी जन्मसाल आणि तालुका ठरवला: २००४, पेण. रायगडात कबड्डी गावोगाव मुरलेली आहे, तेव्हा पोरगी मैदानावर कशी आली हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या पिढीच्या शाळेच्या हजेरीपटावर शोभेल असं नाव निवडलं, रुचिता. पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव: रुचिता हरिश्चंद्र पाटील. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मतारखेच्या कागदपत्रांवर पूर्ण नाव लागतं, त्यामुळे कुमारी गटाच्या निवड चाचणीचा प्रसंग लिहिताना ते आधीच हाताशी असलेलं बरं.

खरी परीक्षा मात्र चढाईच्या प्रसंगात होते. चढाई तीस सेकंदांची, वाक्यं तुटक. त्यात नाव पुन्हा पुन्हा येतं, तेही प्रत्यय घेऊन. मी आधी तेजस्विनी घेऊन लिहून पाहिलं: ‘तेजस्विनीनं निदानरेषा ओलांडली. डाव्या कोपऱ्यातलीनं तेजस्विनीच्या घोट्यावर झेप घेतली.’ वाचतानाच दम संपतो. रुचितानं, रुचिताच्या, रुचिताला हे जिभेवर सरळ चालतं. म्हणून नाव पक्कं करण्याआधी चढाईचं एक पान लिहा आणि मोठ्यानं वाचा. जीभ जिथे अडखळेल तिथे वाचकही अडखळणार.

हाक वेगळी ठरवावी लागते. आजीसाठी ती रुची, संघातल्या पोरींसाठी ‘ए रुचे!’, ध्वनिक्षेपकावर ‘रुचिता पाटील’. कोण कुठली हाक मारतं यावरून तिचं गावापासूनचं अंतर वाचकाला आपोआप कळतं. संघातल्या बाकी सहाजणींची नावंही याच वेळी ठरवा. रुचिता, ऋतुजा आणि रूपाली एकाच संघात असतील, तर पकडीच्या गर्दीत कोण बाद झाली ते वाचकाला कळणार नाही. मी तिच्या जोडीला प्रतीक्षा आणि कोमल ठेवल्या.

साताऱ्याची नायिका असेल तर ‘नकुशा’ नावाचा मोह होतोच. तिथे २०११ साली अशा मुलींना जाहीर समारंभात नवी नावं दिली गेली, त्यामुळे त्या पिढीच्या नायिकेला ते शोभेलही. पण मग शाळेच्या दाखल्यावरचं जुनं नाव, आधारवरचं नवं आणि मैदानावर तोंडात बसलेली हाक, या सगळ्याची कथा सांगावी लागते, आणि ती कबड्डीची पानं खाते. दोन्हीला पुरेल एवढी कादंबरी मोठी असेल तरच घ्या. माझी तशी नव्हती, म्हणून मी पेणलाच राहिले.

शेवटी एक तपासणी उरते: अभिलाषा म्हात्रे, स्नेहल शिंदे, सोनाली शिंगटे अशा भारताकडून खेळलेल्या मुलींच्या नाव-आडनावाची जोडी जशीच्या तशी आपल्याकडे आलेली नाही ना, ते पाहून घ्या.