ठिपकेवालं जखमी जनावर दिसलं तर मेसेजमध्ये काय काय हवं

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत ठिपकेवालं जखमी जनावर दिसलं की मेसेज बहुधा एकच येतो, "बिबट्याचं पिल्लू आहे, लवकर या." सोबत बॅटरीच्या उजेडात डोळे चमकणारा एक फोटो. त्यावरून जखमी जनावर सोडवायला येणाऱ्या आम्हाला काहीच ठरवता येत नाही. पिल्लू खरंच बिबट्याचं असेल तर मादी जवळपास असू शकते, म्हणून गर्दी हटवायची आणि वनखात्याला सोबत घेऊनच हालचाल करायची. जवादी मांजर असेल तर जाळी, जाड हातमोजे आणि झाकणाचा क्रेट घेऊन दोन माणसं पुरतात. कोणती तयारी घेऊन निघायचं ते तुमच्या फोटोंवर ठरतं.

म्हणून पहिला फोटो बाजूने काढा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पूर्ण. तोंडाचा फोटो सगळेच पाठवतात, पण ओळख पटते ती शेपटीवरून. जवादी मांजराच्या शेपटीवर काळी-पांढरी वलयं असतात, पाठीवरून गडद पट्टे मागे जातात, अंगावर बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात आणि तोंड निमुळतं असतं. उदमांजराची शेपटी लांब, काळपट आणि बिनवलयांची. रानमांजर म्हणजे बाऊल. त्याच्या अंगावर ठिपके जवळजवळ नसतातच, पाय लांब, शेपटी आखूड आणि टोकाला काळी. बिबट्याच्या पिल्लाचे कान गोल, पंजे अंगाच्या मानाने जाड आणि शेपटी लांब असते. शेपटी अंगाखाली दबली असेल तर काठीने ढोसून बाहेर काढू नका. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहा, नाहीतर "शेपटी दिसत नाही" एवढं लिहा. तेही आमच्या कामाचं आहे.

आकार कळण्यासाठी फोटोत ओळखीची वस्तू हवी. बागेत ती आयतीच असते, ठिबकची नळी. ती बहुतेक १६ मिलिमीटरची असते, त्यामुळे शेजारचं जनावर केवढं आहे याचा अंदाज लगेच येतो. मापासाठी स्वतःचा हात मात्र जवळ नेऊ नका. पाच-सहा पावलांवरून झूम करून काढा, फ्लॅश बंद ठेवा. रात्री बॅटरी तोंडावर न मारता बाजूच्या जमिनीवर मारली तर डोळे चमकत नाहीत आणि अंगावरचे पट्टे दिसतात.

जखमेचा फोटो वेगळा काढा आणि त्यासोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. गाडीने उडवलेल्या जनावराच्या अंगावर कधी कधी रक्त दिसतही नाही. पण मागचे दोन्ही पाय ओढत सरकत असेल तर कंबरेला किंवा मणक्याला मार असण्याची शक्यता जास्त, आणि तसं जनावर सपाट फळीवरूनच उचलावं लागतं. हे फोटोत कळत नाही. जखमेवर माशीची पिवळट-पांढरी अंडी किंवा वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर जखम काही तासांपूर्वीची आहे, हे डॉक्टर तेवढ्यावरून ओळखतात.

आता मजकूर. असा लिहिला तरी पुरे: "यावल तालुका, फैजपूर रस्त्यालगत केळीची बाग. सकाळी साडेसातला दिसलं, तेव्हापासून त्याच जागी. मांजराएवढं, शेपटीवर वलयं, मागचे पाय ओढतंय, तोंडातून रक्त नाही. कुणाला चावलं नाही. पाणी-दूध काही पाजलेलं नाही. कुत्री बांधून ठेवलीत." यातलं चावण्याचं वाक्य विसरू नका. कुणाला चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. आमची वाट पाहायची नाही. पाजण्याचंही खरं लिहा. अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं दूध फुप्फुसात जातं, म्हणून काही पाजलं असेल तर डॉक्टरांना ते आधी कळायला हवं.

फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबले जातात आणि वलयं पुसट होतात. लोकेशनची पिन फक्त आम्हाला किंवा वनखात्याला पाठवा, गावाच्या ग्रुपवर नको. अर्ध्या तासात बागेत मेळा भरतो आणि घाबरलेलं जनावर तुटक्या पायानेच पळतं. आमच्याकडून उत्तर येईना तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा. घरी नेऊन ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

जनावर लहान असेल, हलत नसेल आणि ते बिबट्याचं नाही अशी खात्री आम्ही दिली, तरच त्यावर भोकाचा केळीचा क्रेट उलटा ठेवून वर ओलं गोणपाट टाका, वारा जाईल इतपत बाजू उघडी ठेवून. मे महिन्यात उन्हात पडलेलं जनावर जखमेआधी उष्म्याने जातं. आणि एक माणूस रस्त्यावर पाठवा. पिन फार तर शेतरस्त्याच्या तोंडापर्यंत आणते, पुढे सगळ्या बागा सारख्याच दिसतात. तो डीपीपाशी उभा राहिला आणि मेसेजमध्ये "डीपीपाशी माणूस आहे" असं लिहिलं, की आम्ही थेट पोहोचतो.