खोंडासोबत जुळी जन्मलेली पाडी: गाभण राहील का, हे कसे तपासावे

सातारा-सांगलीकडच्या गोठ्यात संकरित गायीला खोंड आणि पाडी अशी जुळी झाली, की पाडी वाढवायची हे ठरलेलेच असते. पण अशा शंभरातल्या नव्वदहून अधिक पाड्या वांझ निघतात. दीड वर्ष चारा-खुराक घालून कालवड माजावर येत नाही म्हणून डॉक्टर बोलावण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच खात्री करून घ्यावी.

दोष पोटातच घडतो. गर्भ साधारण सव्वा महिन्याचा होईपर्यंत दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि जुळ्यांचे रक्त एक होते. खोंडाची वृषणे आधी तयार होतात. त्यांतून निघणारी संप्रेरके पाडीत पोचतात आणि तिची गर्भपिशवी व बीजांडे नीट घडू देत नाहीत. बाहेरून मात्र ती चांगली पाडीच दिसते. कधी योनीच्या खालच्या टोकाला केसांचा लांब झुपका किंवा मोठा दाणा दिसतो, पण तो नसला म्हणून निर्धास्त राहू नये.

तपासणीला बोटाएवढी जाड, गोल टोकाची गुळगुळीत प्लास्टिकची नळी घ्या आणि तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण करा. रेतनाची बारीक कांडी वापरू नका, ती आत टोचते. काच तर नकोच. नळी उकळून गार करा आणि तिला वंगण लावा. एकाने पाडी उभी धरावी, दुसऱ्याने योनीमुख पुसून नळी किंचित वरच्या दिशेने, छताला लागून हळूच सरकवावी. खाली झुकवली तर ती मूत्रमार्गाच्या तोंडाशी अडते आणि माप चुकते. अडली की तिथेच थांबा, जोर लावू नका.

समजा, तीन आठवड्यांच्या जुळ्या पाडीत नळी ६ सेंटिमीटरवर अडली आणि त्याच वयाच्या एकट्या जन्मलेल्या पाडीत १३ पर्यंत गेली. पहिली जवळजवळ नक्की वांझ. या वयात नेहमीचे माप १२ ते १५ आणि वांझ पाडीचे ५ ते ८ असते. शेजारची पाडी मोजणे म्हणूनच महत्त्वाचे, कारण हात कसा चालतो हे तिच्यावर कळते. क्वचित आतला पडदा न फाटल्यानेही नळी अडते, तेव्हा एका मापावर निकाल देऊ नका.

नळी पूर्ण गेली तरी रक्त तपासून घ्या. डॉक्टरांकडून जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवतात. पाडीच्या रक्तात नराच्या पेशी मिळाल्या तर वांझपण धरून चालावे. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ही सोय आहे का, ते डॉक्टरांमार्फत विचारा.

माजाची इंजेक्शने आणि खनिज मिश्रणाने इथे काहीच होत नाही, कारण ज्यावर औषध चालावे तो अवयवच तयार झालेला नसतो. बाजारातून कालवड घेताना ‘जुळी होती का, सोबत खोंड होता का’ हे विचारावे. तरीही एक धोका उरतो. सोबतचा खोंड पोटातच मेला असेल, तर पाडी एकटीच जन्मते आणि मालकालाही ते ठाऊक नसते.