विसरलेली नव्वद पोती: कामाची फोड करताना या चुका टाळा

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली दोन बाथरूम नव्याने करायची होती. माझ्या एस्टिमेटमध्ये पाच ओळी होत्या: तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, वीज. दर सगळे बरोबर होते. फसलो तो राडारोड्यात. तो खाली कोण नेणार आणि सोसायटी लिफ्ट वापरू देणार का, हे मी धरलंच नव्हतं.

हिशेब अवघड नव्हता. 5 बाय 7 फुटांचं बाथरूम, सात फूट उंचीपर्यंत टाइल्स. दार वजा करून भिंत साधारण 150 चौरस फूट भरते. टाइल आणि खालचा मसाला मिळून दीड इंच धरला तर 19 घनफूट. जमिनीचा चार इंच कोबा म्हणजे आणखी 12. फोडलेला माल फुगून दीडपट होतो, म्हणजे सुमारे 45 घनफूट. पोत्यात एक घनफूट मावतं. दोन बाथरूमची नव्वद पोती, प्रत्येकी पस्तीस-चाळीस किलोची, जिन्याने.

चूक पहिली: माणसांनुसार फोड. माझ्या पाच ओळी म्हणजे खरं तर पाच कारागीर होते. प्रत्येकाने आपापलं काम मोजलं, पण दोघांच्या मधलं कुणीच मोजलं नाही. प्लंबरने पाइपांसाठी भिंतीत मारलेल्या झिऱ्या बुजवायच्या कुणी? प्लंबर म्हणतो गवंड्याने, गवंडी म्हणतो, "माझ्या दरात ते नाही." वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे डब्ल्यूबीएस, कोण काम करणार यावरून पाडायचं नसतं. शेवटी हातात काय मिळणार, त्याचे भाग पाडायचे असतात. अमेरिकी संरक्षण खात्याने 1968 साली याचं मानक काढलं, MIL-STD-881, तेही उत्पादनाच्या भागांवरच उभं आहे.

तीच फोड मी आता अशी करतो:

```
1 बाथरूम
  1.1 परवानगी आणि संरक्षण
  1.2 मोकळी केलेली जागा
      1.2.1 तोडफोड
      1.2.2 पोती भरणे, खाली नेणे
      1.2.3 टेम्पो
  1.3 पाइपलाइन
      1.3.1 झिऱ्या आणि पाइप
      1.3.2 दाबाची चाचणी
      1.3.3 झिऱ्या बुजवणे
  1.4 गळणार नाही अशी जमीन
  1.5 टाइल्स
  1.6 वीज
  1.7 फिटिंग्ज
  1.8 सफाई, ताबा
```

"तोडफोड" म्हटलं की डोळ्यांसमोर हातोडा येतो. "मोकळी केलेली जागा" म्हटलं की राडारोडा जाईपर्यंत काम संपत नाही. नाव बदललं आणि पोती आपोआप यादीत आली.

चूक दुसरी: बेरीज न तपासणं. पोटभाग मिळून वरचा भाग पूर्ण भरला पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. याला शंभर टक्क्यांचा नियम म्हणतात. तपासायचं खालून वर. समजा 1.4 खाली फक्त कोबा आणि रसायनाचा थर असे दोन पोटभाग लिहिले. एवढंच झालं, तर जमीन गळणार नाही असं कशावरून म्हणायचं? पाणी तुंबवून बघावं लागेल, शक्यतो 48 तास, आणि मग खालच्या घरात जाऊन छत पाहावं लागेल. म्हणजे चाचणी हा तिसरा पोटभाग. त्यात मजुरी जवळजवळ शून्य, पण दिवस दोन. फक्त पैशांचं एस्टिमेट करणाऱ्यांच्या यादीतून नेमकं हेच निसटतं.

उलटी चूकही होते. झिऱ्या बुजवणं 1.3 मध्येही आणि 1.5 मध्येही धरलं, तर गिऱ्हाइकाला दोनदा लागतं.

चूक तिसरी: फोड कुठे थांबवायची ते न कळणं. मोठ्या प्रकल्पांत सगळ्यात खालचा तुकडा 8 ते 80 तासांचा असावा, असा ढोबळ ठोकताळा आहे. घरकामात 80 तास म्हणजे दहा दिवस, तो आकडा कामाचा नाही. मी अर्ध्या ते दोन दिवसांवर थांबतो. तुकड्याचं माप सांगता येतं आणि तो झाला की नाही हे बघून कळतं, एवढं पुरे. प्रत्येक टाइलची ओळ केलीत तर यादी कुणी वाचणार नाही.

चूक चौथी: "इतर, 10 टक्के". ही ओळ विसरलेल्या कामांचं गाठोडं होऊन बसते. राखीव रक्कम जरूर ठेवा, पण ज्याचा अंदाज खरंच बांधता येत नाही त्यासाठी, आणि त्या तुकड्यासमोरच लिहा. कोबा उखडल्यावर खालचा जुना नहाणी ट्रॅप कुजलेला निघेल की धड, हे आधी दिसत नाही. राखीव तिथे ठेवायची. पोती मात्र मोजता येत होती.

यादी झाली की मी ती कारागिरांना दाखवतो. "तुझं काम यात आहे ना?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारतो, "तू येशील तेव्हा तुला काय तयार लागेल?" टाइलवाल्याने एकदा सांगितलं, "टाइल्स वर आलेल्या लागतील, मी खालून आणत नाही." ती 1.5 मधली नवी ओळ झाली.