नवीन बेडरूमचे लाइट पॉइंट: वायरमनला मेसेज कसा पाठवायचा

'दादा, बेडजवळ एक बोर्ड, दाराजवळ एक, टीव्हीचा एक आणि एसीचा एक' असा मेसेज पाठवला की वायरमन आपल्या सवयीने बोर्ड बसवतो, आणि त्यात त्याची चूक नसते, कारण तुमचा बेड कुठे येणार, साइड टेबल किती उंच हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. इंटरनेटवर उंचीचे तयार तक्ते मिळतात ते फॉरवर्ड करू नका, त्यात तुमचं फर्निचर नसतं.

इथे उदाहरणाला १० बाय १२ फुटांची खोली घेतोय, जुन्या घराला लागून नवीन काढलेली. म्हणजे हॉलमध्ये टाइल आधीपासून आहे, नव्या खोलीत अजून नुसता कोबा.

आधी फर्निचरची जागा पक्की करा आणि भिंतींना नावं द्या. दारातून आत तोंड करून उभं राहायचं: दाराची भिंत, डावी, समोरची, उजवी. मेसेजमध्ये हीच नावं. 'पूर्वेची भिंत' लिहू नका, काम करताना दिशा कोण बघत बसतंय. सगळी मापं इंचात द्या, अर्धी फुटात आणि अर्धी मिलिमीटरमध्ये नकोत.

आता सगळ्यात घोळ होतो ती गोष्ट, उंची. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झालाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'बोर्ड २६ इंचावर' म्हटलं तर २६ इंच कुठून, आणि बोर्डाच्या कुठल्या कडेपर्यंत? वायरमन येतो तेव्हा खाली टाइल नसते, तो टेप कोब्यावर टेकवतो आणि मोजतो. नंतर टाइलवाला येतो, खाली माल आणि वर टाइल मिळून दोन-अडीच इंच जमीन वर येते, म्हणजे २६ चा बोर्ड साडेतेवीसवर आला. त्यात त्याने बॉक्सचा मध्य धरला असेल तर खालची कड अजून दीड इंच खाली, म्हणजे २२. तुमचं साइड टेबल २२ इंचाचं असेल तर प्लेट अगदी टेबलाला टेकली, आणि टेबल जरा उंच निघालं तर सॉकेट त्याच्या मागेच गेलं. एका घरात चार्जर लावायला रोज टेबल पुढे ओढावं लागायचं, ते हे असंच झालेलं.

कुणी म्हणेल दोन-अडीच इंच वाढवून सांगा. अजिबात नको. कोबा सगळीकडे सारखा नसतो, एका कोपऱ्यात इंचभर वर तर दुसरीकडे खाली, मग एकाच भिंतीवरचे दोन बोर्ड वर-खाली दिसतात आणि प्लेट बसल्यावर ते डोळ्यात खुपतं. शिवाय वायरमननेही आपल्या अंदाजाने वाढवलं असेल तर दोनदा वाढतं.

उपाय एकच, भिंतीवर लाइन मारून घ्यायची. हॉलच्या टाइलपासून बरोबर ३६ इंचावर दाराजवळ खूण करा आणि गवंड्याची लेव्हल ट्यूब घेऊन ती खूण आत प्रत्येक कोपऱ्यात न्या, मग दोरीने चारही भिंतींवर लाइन मारा. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना हे आधी बघा, बुडबुडा असेल तर दोन टोकांचं पाणी एका लेव्हलला दिसत नाही आणि सगळी लाइन तिरकी जाते. खात्री करायला पहिल्या खुणेपासून निघून खोलीभर फिरून परत तिथेच या, खूण जुळली पाहिजे. हॉलची आणि खोलीची टाइल एका लेव्हलला ठेवणार नसाल, तर तेवढा फरक आधीच धरा. ज्यांच्याकडे पूर्ण घरच नवीन आहे त्यांनी टाइल कुठल्या लेव्हलला येणार ते गवंड्याकडून ठरवून घ्यावं आणि तिथून ३६ मोजावेत.

मग मेसेजमध्ये जमिनीचा विषयच काढायचा नाही, सगळं लाइनच्या वर इतकं किंवा खाली इतकं, आणि नेहमी बॉक्सच्या खालच्या कडेपर्यंत.

आडवं माप सोपं, कोपऱ्यापासून मोजा, गिलाव्याचा अर्धा इंच इकडेतिकडे चालतो. फक्त बेडचं गणित करा: डावी भिंत १४४ इंच, हेडबोर्ड ६६ इंच आणि मधोमध, म्हणजे ३९ पासून १०५ पर्यंत बेड, बोर्डाचा मध्य त्याच्या बाहेर सहा इंच, म्हणजे ३३ आणि १११.

पूर्ण मेसेज असा:

'दादा नमस्कार. बेडरूमचे पॉइंट पाठवतोय. भिंतीवर निळी लाइन आहे, टाइलपासून ३६ इंच. सगळी उंची या लाइनपासून, बॉक्सच्या खालच्या कडेपर्यंत. आडवं माप बॉक्सच्या मध्यापर्यंत. कोब्यापासून मोजू नका. डावी-उजवी दारातून आत तोंड करून.

दाराची भिंत: चौकटीच्या डावीकडे ६ इंचावर ६ मॉड्यूलचा बोर्ड, लाइनच्या वर १२. ट्यूब टू-वे, फॅन टू-वे, फूट लॅम्पचा स्विच, एक ६ ॲम्पियर सॉकेट. त्याच्याच खाली फूट लॅम्प, लाइनच्या खाली २४.

डावी भिंत, दाराकडच्या कोपऱ्यापासून: ३३ वर ८ मॉड्यूल, लाइनच्या खाली १०. ट्यूब टू-वे, फॅन टू-वे, रेग्युलेटर, एक ६ ॲम्पियर सॉकेट. १११ वर ६ मॉड्यूल, त्याच उंचीला, दोन ६ ॲम्पियर सॉकेट. ट्यूब ७२ वर, लाइनच्या वर ५४.

उजवी भिंत: ७२ वर टीव्ही, लाइनच्या वर ४, दोन ६ ॲम्पियर सॉकेट.

समोरची भिंत: एसी खिडकीच्या वर येणार. उजव्या कोपऱ्यापासून २४ वर एसी सॉकेट, लाइनच्या वर ५४. वायर ४ स्क्वेअर एमएम, डीबीपासून वेगळी, एमसीबी वेगळा.

फॅन: खोलीच्या बरोबर मध्यावर, ६० आणि ७२.

सगळ्या सॉकेटला स्विच आणि अर्थिंग. झिरी मारायच्या आधी खुणा करून फोन करा, मी येऊन बघतो.'

दाराचा बोर्ड नेहमी कडीच्या बाजूला, बिजागरीच्या बाजूला दिला तर दार उघडल्यावर तो मागे जातो. या खोलीत बिजागरी उजवीकडे आहे म्हणून डावीकडे लिहिलंय. आणि टू-वे, म्हणजे दोन्ही बोर्डांवरून चालू-बंद, हा शब्द विसरू नका, त्याला दोन बोर्डांमध्ये जास्तीची वायर लागते, गिलावा झाल्यावर ती ओढायची म्हणजे भिंत परत फोडायची.

फॅनची पाती टाइलपासून निदान २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट वर हवीत, रॉडची लांबी त्यावरून घ्या. पीओपी करून त्यात लाइट देणार असाल तर एकही लाइट पात्यांच्या वर येऊ देऊ नका, पात्यांची सावली खोलीभर फिरत राहते आणि डोकं दुखतं. १२०० एमएमच्या फॅनची पाती मध्यापासून दोन फूट जातात, तेव्हा लाइट मध्यापासून निदान तीन फूट लांब.

वायरमनने खडूने खुणा केल्या की मेसेज हातात धरून एकेक खूण टेपने तपासा, बेड आणि टेबलाची मापं जमिनीवर खडूने काढूनच. पाइप आणि बॉक्स बसले की गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप भिंतीला लावून, म्हणजे पाइप कुठून गेलाय ते इंचात वाचता येईल. पुढे पडद्याचा रॉड किंवा टीव्हीचं स्टँड बसवायला ड्रिलवाला आला की त्याला आधी हे फोटो दाखवा.