‘वेगळा विदर्भ हवा का?’ : मुलाखत मंडळासमोर उत्तर कसे बांधावे

नागपूरकडचा उमेदवार राज्यसेवेच्या मुलाखतीला बसतो, तेव्हा वेगळ्या विदर्भाचा प्रश्न येणार असे धरूनच तयारी करावी. थेट नाही आला तर गोसीखुर्दच्या वाटेने येतो, हिवाळी अधिवेशनाच्या वाटेने येतो. व्यक्तिमत्त्व चाचणीत असल्या वादग्रस्त प्रश्नाला फार वजन असते, कारण इथे पाठ केलेले उत्तर पुरत नाही. म्हणून या लेखात मुलाखतीची सगळी तयारी न सांगता हा एकच प्रश्न शेवटपर्यंत नेला आहे. हे एक उत्तर नीट बांधता आले, की आरक्षण, दारूबंदी, धरण की जंगल अशा प्रश्नांची उत्तरेही त्याच रीतीने बांधता येतात.

आधी मंडळ काय शोधत असते ते पाहू. राज्यसेवेच्या वर्णनात्मक पद्धतीत लेखी परीक्षेला १७५० आणि मुलाखतीला २७५ गुण आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाने आपल्या मुलाखतीबद्दल लिहूनच ठेवले आहे, की ही उलटतपासणी नसून हेतूपूर्वक केलेला संवाद आहे. त्यांनी दिलेल्या गुणांच्या यादीत ‘निर्णयातील समतोल’ हाही एक आहे. राज्याच्या मुलाखतीला तीच दृष्टी ठेवून बसायला हरकत नाही. तुम्ही विदर्भवादी आहात की नाही, यावर गुण ठरत नाहीत. माहिती खरी आहे का, समोरच्या बाजूला न्याय दिला का, मत आहे का आणि मत खोडले तरी आवाज स्थिर राहतो का, हे पाहिले जाते.

पहिली पायरी : एक पान

वहीचे एकच पान घ्या, दोन नकोत. वर तारखा लिहा. राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्यांत वाटा, असे त्याचे सार. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार विकास मंडळे नेमण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. १९९४ मध्ये विदर्भासाठी असे मंडळ झाले आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यानंतर काय झाले, ते मुलाखतीच्या आठवड्यात ताज्या बातम्यांतून पाहून ठेवा.

त्याखाली दोन्ही बाजूंचा प्रत्येकी सर्वांत भक्कम मुद्दा लिहा. सगळे मुद्दे लिहू नका. वेगळ्या राज्याच्या बाजूने : सिंचनाचा अनुशेष. तो दांडेकर समितीने मोजून दाखवला आणि पुढे केळकर समितीनेही प्रादेशिक असमतोलाचा विचार केला. वीज कोराडी-चंद्रपूरला तयार होते, पण कापूस पिकवणारा शेतकरी मात्र कोरडवाहूच राहतो, ही भावना त्यातूनच येते. विरोधी बाजूने : राज्याच्या महसुलाचा मोठा भाग मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून येतो. नव्या राज्याला तो आधार राहणार नाही.

अनेक उमेदवार तिसरी बाजू विसरतात. ती वऱ्हाडाची. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळकडच्या कित्येकांना वाटते, की आज सगळे मुंबईला जाते आणि उद्या सगळे नागपूरला जाईल. नागपूरच्या उमेदवाराने हे स्वतःहून बोलून दाखवले, तर तो आपल्या शहरापलीकडे पाहू शकतो हे मंडळाला वेगळे सांगावे लागत नाही.

पानाच्या तळाशी आपले मत एका वाक्यात लिहा. त्याच्याखाली आणखी एक वाक्य : कोणती गोष्ट सिद्ध झाली तर मी हे मत बदलेन? हे दुसरे वाक्य लिहिता आले नाही, तर ते मत अजून तुमचे झालेले नाही. घरातून किंवा चौकातून आलेले आहे. समतोलाची सगळी मदार या वाक्यावर आहे, म्हणून त्याला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

दुसरी पायरी : उत्तराचा क्रम

समजा, उमेदवार उमरेडचा आहे, स्थापत्य अभियंता, दोन वर्षे साइटवर काम केलेला. अभ्यासिकेतल्या मित्रांसमोर त्याचे पहिले उत्तर साधारण असे येते : “सर, ही मागणी फार जुनी आहे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. त्यानंतर फाजल अली आयोगाने…” इथे कोणीतरी अडवते, “ते असू द्या. तुमचं मत काय?” आणि तो म्हणतो, “सर, दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे.”

माहिती सगळी खरी, तरी उत्तर पडले. मंडळ फार वेळ ऐकून घेत नाही, म्हणून मत पहिल्या, फार तर दुसऱ्या वाक्यात यायला हवे. इतिहास मताला आधार म्हणून आला पाहिजे, मताच्या आधी येऊन वाट अडवून बसता कामा नये. ‘दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे’ या वाक्यावर थांबणे म्हणजे समतोल नव्हे. उद्या तहसीलदाराच्या खुर्चीत दोन गावांच्या पाण्याच्या भांडणात तुम्ही एवढेच बोललात, तर काम होणार नाही. मंडळाला नेमकी हीच शंका येते.

तेच उत्तर नव्याने बांधू :

“सर, मागणीमागचा अन्याय खरा आहे, पण आज वेगळं राज्य हा त्यावरचा पहिला उपाय आहे असं मला वाटत नाही. सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीनंच दाखवला होता, त्यामुळे ही निव्वळ भावना नाही. पण गोसीखुर्दसारखं काम रखडलं ते भूसंपादन, पुनर्वसन आणि कालव्यांमुळे, आणि राज्य बदललं तरी ही कामं तीच राहतील. वऱ्हाडातल्या लोकांची नागपूरबद्दलची शंकाही विचारात घ्यावी लागेल. निधी ठरल्याप्रमाणे देऊनही अनुशेष हटलाच नाही, तर माझं मत बदलेल. अर्थात निर्णय कलम ३ नुसार संसदेचा आहे.”

हे सावकाश बोलायला पाऊण मिनिट लागते, त्याहून लांबवू नये. वेगळे राज्य हवे असे मत असेल तरी सांगाडा हाच ठेवा : मत, त्याचा एक आधार, विरोधी बाजूची खरी अडचण, मत बदलण्याची अट आणि निर्णय कोणाचा. अशा मताच्या उमेदवाराने महसुलाची अडचण स्वतःच काढावी आणि खनिज, वनउपज, वीज यांवर तो काय मांडणी करतो ते सांगावे. अडचण मंडळाने काढली तर तो बचाव होतो, तुम्ही काढली तर विचार दिसतो.

गोसीखुर्दचे नाव घ्यायचे असेल तर मात्र त्याचा अभ्यास पक्का हवा. वैनगंगेवरचे हे धरण भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ आहे, पायाभरणी १९८८ ची, पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी कन्हान आणि वैनगंगेच्या मार्गे तिथवर पोचते, हा उपप्रश्न नागपूरच्या अभियंत्याला हमखास विचारण्यासारखा आहे. तुम्ही उच्चारलेल्या प्रत्येक नावावर पुढचा प्रश्न येऊ शकतो. ज्याबद्दल आणखी तीन वाक्ये बोलता येणार नाहीत, ते नाव घेऊच नका.

तिसरी पायरी : उलट प्रश्न

खरी परीक्षा इथून सुरू होते. “नागपूरचे असून तुम्ही विदर्भाच्या विरोधात?” या प्रश्नात टोचणी मुद्दाम असते. घाईने “नाही नाही सर, मी विदर्भाच्या बाजूनेच आहे” म्हटले, की मत गेले. इथे श्वास घ्यावा आणि प्रश्नातला फक्त चुकीचा भाग दुरुस्त करावा : “सर, मी विदर्भाच्या विरोधात नाही. अनुशेष भरून निघाला पाहिजे या मागणीशी सहमत आहे, मार्गाबद्दल माझं मत वेगळं आहे.” इतकेच. मागचे सगळे पुन्हा सांगू नये.

“उद्या वेगळ्या राज्यासाठी चक्काजाम झाला आणि तुम्ही तिथे कार्यकारी दंडाधिकारी असाल तर?” इथे वैयक्तिक मत बाजूला ठेवता येते का, हे पाहायचे असते. आंदोलकांच्या प्रतिनिधींशी बोलणे, त्यांचे निवेदन स्वीकारून वर पाठवणे, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणे, पोलिसांशी समन्वय, असे क्रमाने सांगावे. आपले मत काय होते, याचा उल्लेखसुद्धा करू नये.

“अनुशेष आज नेमका किती?” आकडा ठाऊक नसेल तर “सर, आकडा मला आत्ता सांगता येणार नाही” एवढे सरळ वाक्य पुरे. त्याला लागून अंदाज बांधू नका आणि तीनदा माफीही मागू नका. कधी सदस्य तुमची चूक दाखवतात. ते बरोबर असतील तर “हो सर, दुरुस्ती करतो” म्हणून पुढे जावे. तुमचीच बाजू बरोबर असेल तर एकदाच, आधारासह, हळू आवाजात सांगावे; दुसऱ्यांदा ताणू नये.

सराव कोणासमोर?

स्वतःसारखेच मत असलेल्या मित्रांसमोर या प्रश्नाचा सराव फुकट जातो. वेगळे राज्य हवेच म्हणणारा एक, अमरावती किंवा अकोल्याकडचा एक आणि शक्य झाल्यास शासकीय सेवेतून निवृत्त झालेली एखादी व्यक्ती, असे तिघे बसवा. त्यांना सांगा, की तिसऱ्या वाक्याला अडवायचेच. मोबाइलवर आवाज नोंदवा आणि ऐकताना फक्त दोन गोष्टी पाहा : मत कितव्या वाक्यात आले आणि अडवल्यावर बोलण्याचा वेग वाढला का. वेग वाढला असेल तर चिडचिड किंवा भीती ऐकणाऱ्यापर्यंत पोचली, शब्द कितीही नम्र असोत. उपाय साधा आहे. प्रश्न संपल्यावर मनात दोन आकडे मोजा आणि पहिले वाक्य मुद्दाम लहान ठेवा.

उत्तर शब्दशः पाठ होऊ लागले, तर सराव दोन दिवस थांबवा. पाठांतर ओळखू येते : डोळे वर जातात आणि मध्ये अडवले की उमेदवार पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. लक्षात ठेवायचे ते फक्त त्या एका पानावरचे मुद्दे, वाक्ये त्या दिवशी सुचतील तशी येऊ द्यावीत.

बोलीबद्दलही सांगायला हवे. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ हे तोंडात आहे म्हणून कोणी घाबरू नये. पुण्याची भाषा उसनी आणायला गेलात, की लक्ष मुद्द्यावरून उडते. उच्चार स्पष्ट असावेत आणि वाक्य पूर्ण व्हावे, एवढे पुरेसे आहे. सदस्यांशी बोलताना प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून सुरुवात करा, मध्ये अध्यक्षांकडे आणि बाकीच्यांकडे पाहा, आणि शेवटचे वाक्य पुन्हा विचारणाऱ्याकडे पाहून संपवा.