फील्ड बदलताना एसओपीची तयारी: तेलाच्या रिपोर्टपासून डेटा सायन्सपर्यंत

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठीची डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत येते. त्यासाठी एसओपीची, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाची, तयारी गणपतीच्या आधी सुरू करावी. प्रत्यक्ष लिहायला पंधरा दिवस पुरतात, वेळ लागतो तो लिहिण्याआधीच्या कामाला. मी स्वतः इलेक्ट्रिकलमधून स्टॅटिस्टिक्सकडे वळले आणि गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या एसओपीबरोबर चार महिने बसले, म्हणून त्याचंच उदाहरण धरून सांगते. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बडोद्यातच मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत चार वर्षं सर्व्हिस विभागात. काम गिऱ्हाइकांच्या ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीचं.

त्याच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, ‘लहानपणापासून मला आकड्यांची ओढ आहे आणि आजच्या युगात डेटा हेच इंधन आहे.’ एका कन्सल्टंटने फीमध्येच तयार नमुना दिला होता, त्यातून हे आलेलं. मी तो कागद बाजूला ठेवला आणि त्याला एकच काम दिलं. नोकरीत हातात आकडे होते आणि तरीही निर्णय घेता आला नाही, असे तीन प्रसंग वहीत मराठीत लिही. यादीतलं हे पहिलं काम, आणि ते घाईने उरकू नये. विद्यापीठाची प्रवेश समिती विचारणार की चांगली चाललेली वाट सोडून हा इकडे का येतोय. त्याचं पटणारं उत्तर एकच: माझ्या कामात एक प्रश्न असा निघाला, की तो सोडवायची हत्यारं माझ्या शाखेत नव्हती.

त्याच्या वहीतला दुसरा प्रसंग कामाचा निघाला. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाचा नमुना काचेच्या सिरिंजमध्ये घेऊन लॅबला पाठवतात आणि त्यात विरघळलेले वायू मोजून घेतात. याला डीजीए म्हणतात. आत ठिणग्या पडत असतील तर ॲसिटिलीन दिसतं, तेल जास्त तापत असेल तर इथिलीन वाढतं, कागदाचं इन्सुलेशन जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. रिपोर्ट वाचायला ठरलेल्या मर्यादा आहेत, वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखायचा ड्यूव्हाल त्रिकोण आहे. पण त्यातून कळतं ते दोष कुठल्या जातीचा आहे एवढंच. गिऱ्हाईक विचारतं, ‘दिवाळीपर्यंत चालेल का?’ त्याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात नाही. एका कारखान्यात त्याने ‘चालेल’ सांगितलं आणि सातव्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मर बसला. एसओपीचा पहिला परिच्छेद या प्रसंगाचा झाला, दीडशे शब्दांत.

दुसरं काम, त्या प्रश्नाला स्वतः हात घालणं, आणि काय घडलं ते आकड्यांसकट टिपून ठेवणं. ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं सगळ्यांकडेच असतात. शाखा बदलणाऱ्याकडे वेगळं काही असेल तर ते त्याच्या कामातला डेटा. भाच्याने ५८ ट्रान्सफॉर्मरचे ४१२ जुने रिपोर्ट एका एक्सेलमध्ये आणले. ट्रान्सफॉर्मर उघडल्यावर खरोखर दोष सापडला असेल, तर त्याआधीच्या सहा महिन्यांतले रिपोर्ट ‘दोषी’ धरले. असे २९ निघाले, तेही फक्त ९ ट्रान्सफॉर्मरचे. मग रँडम फॉरेस्ट हे मशीन लर्निंगचं मॉडेल लावलं आणि मसुद्यात लिहिलं, ‘माझ्या मॉडेलने ९७ टक्के ॲक्युरसी मिळवली.’

मी विचारलं, ‘अरे, सगळ्यांनाच ठीक म्हटलं असतंस तर?’

त्याने हिशेब केला. ४१२ मधले ३८३ ठीकच होते, म्हणजे काहीही न करता ९३ टक्के. तो म्हणाला, ‘मावशी, पण २९ पैकी २६ पकडलेत की.’ ते खरं होतं, पण पुढची चूक त्याहून खोल होती. मॉडेलला शिकवायला कुठल्या ओळी आणि परीक्षेला कुठल्या, हे त्याने रँडम वाटलं होतं. एखाद्या ट्रान्सफॉर्मरचा संशय आला की त्याचा नमुना दर महिन्याला घेतात आणि लागोपाठचे दोन रिपोर्ट जवळजवळ सारखेच असतात. मेचा रिपोर्ट शिकायला गेला आणि जूनचा परीक्षेला, म्हणजे मॉडेलने दोष ओळखलाच नाही, ट्रान्सफॉर्मर ओळखला. वाटणी ट्रान्सफॉर्मरप्रमाणे करायला हवी होती. कोडमध्ये बदल एवढाच:

```python
cv = GroupKFold(n_splits=5)
pred = cross_val_predict(model, X, y,
                         groups=transformer_id, cv=cv)
```

आता २९ पैकी १७ पकडले गेले. भाचा दोन दिवस खट्टू होता, ९७ वाला आकडाच ठेवूया म्हणत होता. मी ठाम राहिले. समितीत संख्याशास्त्र शिकवणारी माणसं असतात. एवढ्याशा डेटावर ९७ टक्के वाचलं की त्यांना पहिला संशय हाच येतो. उलट २६ चे १७ का झाले हे ज्याने चार ओळींत नीट सांगितलं, त्याला हा विषय कळायला लागलाय हे त्यांना लगेच दिसतं. तेव्हा आपल्या प्रोजेक्टचा निकाल फारच चांगला आला असेल, तर एसओपीत लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: एकच यंत्र, एकच माणूस किंवा एकच बॅच दोन्ही बाजूंना आलेली नाही ना, आणि सगळ्यांना एकच उत्तर दिलं असतं तर किती आलं असतं.

याच परिच्छेदात इंजिनिअर असण्याचा फायदाही दाखवता येतो. नवखा माणूस चुकला असता अशा पाच-सहा जागा भाच्याने मला दाखवल्या, त्यातली एक फारच मोलाची होती. तेल फिल्टर केलं की विरघळलेले वायू निघून जातात. दोष तसाच राहतो, पण पुढचा रिपोर्ट स्वच्छ येतो. नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की ट्रान्सफॉर्मर बरा झाला. त्याने फिल्टरेशनच्या तारखा सर्व्हिसच्या नोंदवहीतून काढून वेगळा रकाना केला होता आणि मसुद्यात त्याचा एक शब्दही नव्हता! ‘त्यात काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतं,’ म्हणाला. सर्व्हिस विभागात सगळ्यांना माहीत असतं, समितीत कोणालाच नसतं. आपल्या धंद्यातली अशी एक गोष्ट शोधून दोन वाक्यांत आणायचीच.

तिसरं काम म्हणजे मास्टर्स कशाला हवी ते या प्रोजेक्टच्या अडलेल्या टोकापासून सांगणं. ४९ ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष निघालाच नाही, पण ते ‘ठीक’ आहेत असंही म्हणता येत नाही. पुढच्या महिन्यात बसतील, कदाचित वीस वर्षं चालतील. आपलं पाहणं मध्येच थांबलंय, एवढंच. अशा अर्धवट माहितीतून ‘अजून किती काळ’ हे काढायची पद्धत सर्व्हायव्हल ॲनालिसिसमध्ये आहे, आणि ती पुस्तक उघडून त्याला झेपली नाही, कारण प्रॉबेबिलिटीचा पाया कच्चा होता. हे त्याने जसंच्या तसं लिहिलं. ‘मला मशीन लर्निंगमध्ये खोल जायचं आहे’ या वाक्यापेक्षा हे कितीतरी जड आहे.

मग विद्यापीठागणिक कोर्स पाहायचे. हा विषय डेटा सायन्सच्या यादीत बऱ्याचदा नसतो, बायोस्टॅटिस्टिक्सकडे असतो. म्हणून बाहेरच्या विभागाचा इलेक्टिव्ह घेता येतो का आणि तो पुढच्या वर्षी शिकवला जाणार आहे का, हे वेबसाइटवर बघून मगच नाव घालायचं. तिथल्या प्राध्यापकांची नावं हौसेने पेरू नयेत. एखाद्याचं काम खरोखर वाचलं असेल, तरच.

चौथं काम गुणपत्रिकेचं, आणि ते आधी करावं कारण त्याला दुसऱ्यांच्या सवडीने वाट पाहावी लागते. डेटा सायन्सला कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबेबिलिटी आणि प्रोग्रॅमिंग झालेलं लागतं. इंजिनिअरिंगला यातलं बरंच होतं, पण गुणपत्रिकेवर ‘मॅथेमॅटिक्स-३’ एवढंच छापलेलं असतं, त्यावरून आत मॅट्रिक्स होतं की फूरिए, वाचणाऱ्याला कळणार कसं? कॉलेजकडून त्या वर्षाचा सिलॅबस काढून घ्यायचा आणि एसओपीत एका वाक्यात कुठल्या पेपरात काय झालं ते सांगायचं. जे झालंच नाही, त्याचा कोर्स परीक्षेसकट आत्ता करून टाकायचा. भाच्याचं प्रॉबेबिलिटीचं असंच होतं. तिसऱ्या सेमिस्टरला बॅकलॉग होता, त्याचं कारण एका ओळीत दिलं आणि पुढच्या ओळीत नव्या कोर्सचे गुण. त्यावर परिच्छेद खर्च करायचा नाही.

पाचवं, परवानगी. रिपोर्ट कंपनीच्या गिऱ्हाइकांचे असतात. भाच्याने साहेबांकडून ईमेलवर लेखी होकार घेतला, गिऱ्हाइकांची नावं आणि ट्रान्सफॉर्मरचे सीरियल नंबर काढून टाकले, आणि एसओपीत ‘कंपनीच्या परवानगीने, नावं काढून’ एवढे शब्द घातले. त्याच साहेबांना शिफारसपत्र लिहायचं होतं. त्यांना एसओपी पाठवली नाही, कारण मग पत्रात तीच वाक्यं उतरतात. फक्त फिल्टरेशनच्या रकान्याची आठवण करून दिली. ती गोष्ट त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहिली, आणि दोन कागद एकमेकांना दुजोरा देऊ लागले.

शब्दांची वाटणी शेवटी केली. हजार शब्दांची मर्यादा धरली तर दीडशे प्रसंगाला, साडेतीनशे प्रोजेक्टला, दोनशे मास्टर्स का यासाठी, दोनशे त्या विद्यापीठासाठी आणि शंभर पुढच्या बेताला. पाचशेच शब्द मागितले असतील, तर पुढचा बेत एका वाक्यावर आणायचा, पण २६ चे १७ झाल्याची हकीकत काढायची नाही. काही विद्यापीठं पर्सनल स्टेटमेंट वेगळं मागतात. घरची परिस्थिती, आजोबांनी बडोद्यात येऊन काय केलं, ते तिकडे जातं.

पाठवायच्या आदल्या रात्री दांडिया बाजारच्या घरी त्याने अख्खी एसओपी माझ्या आईला मराठीत सांगितली. आई शाळेत भूगोल शिकवायची. तिने मध्येच विचारलं, ‘तेल गाळल्यावर वायू जातो, मग परत कधी येतो?’ उत्तर त्याला माहीत होतं, कागदावर मात्र नव्हतं. दोष असेल तर काही आठवड्यांत आकडे पुन्हा चढू लागतात, आणि ते किती वेगाने चढतात यावरच त्याचा पुढचा प्रयत्न होता. ते वाक्य तेव्हा आत गेलं, आणि त्याला जागा करायला पहिल्या परिच्छेदातलं एक विशेषण उडालं. मग पीडीएफ उघडून आधीच्या विद्यापीठाचं नाव कुठे राहिलं नाही ना, ते शोधून पाहिलं. एका ठिकाणी राहिलं होतं.